बॉसची पूर्वकथा संवादांतून न सांगता लढाईतच कशी उतरवायची?

गडवाट

गोडो ४ मध्ये एक टू-डी अ‍ॅक्शन गेम करतोय. त्यातला मुख्य बॉस म्हणजे एका डोंगरी किल्ल्याचा किल्लेदार. त्याची गोष्ट अशी: वेढा पडलेला असताना वरून हुकूम आला म्हणून त्याने रात्री महादरवाजा लावून घेतला. त्याची स्वतःची माणसं बाहेर राहिली. शत्रू निघून गेला तरी दरवाजा त्याने पुन्हा कधी उघडला नाही, आणि तो अजून तिथेच पहाऱ्यावर आहे.

सध्या ही गोष्ट लढाईच्या अधेमधे येणाऱ्या चार वाक्यांत सांगितली आहे. ती कुणी वाचत नाही. वाचणार तरी कसं, नजर त्याच्या भाल्यावर असते. लढाई थांबवून कटसीन घातला तर दुसऱ्या प्रयत्नापासून लोक तो वगळतात. डार्क सोल्समधले बॉस एक शब्द न बोलता एवढं सांगून जातात ते नेमकं कसं, आणि त्यातलं माझ्या किल्लेदाराला काय लागू पडेल?

सगळ्यात आवडलेला बॉस आर्टोरियस. त्याच्यासारखा एक हात निकामी दाखवावा असं डोक्यात आहे.

रानजाई

आर्टोरियसपासूनच सुरू करू, कारण त्यात ही गोष्ट टप्प्याटप्प्याने दिसते.

डार्क सोल्सचा मूळ गेम २०११ चा. त्यात आर्टोरियस दिसतच नाही, फक्त त्याचं नाव आणि कबर. अ‍ॅबिस नावाच्या सगळं गिळणाऱ्या काळोखात उतरून परत आलेला शूर योद्धा अशी त्याची कीर्ती आपण ऐकलेली असते. मग २०१२ च्या जोडभागात आपण भूतकाळात जातो आणि तो समोर येतो. त्याचा डावा हात खांद्यापासून लोंबतोय. एवढी मोठी तलवार तो एकट्या उजव्या हाताने फिरवतोय, आणि फिरवताना सगळं शरीर त्या तलवारीमागे फेकतोय. उडी मारून कोलांटी घेत वरून मारतो तेव्हाही तो लुळा हात मागून फरफटत येतो.

त्याच्यापुढे टिकायचं तर खेळाडूला त्याच्या खांद्याकडे बघावंच लागतं, कारण वार कुठून येणार ते तिथे कळतं. म्हणजे जिथे नजर आधीच खिळलेली आहे तिथेच गोष्ट ठेवली आहे. तुमची चार वाक्यं पडद्याच्या खालच्या पट्टीत आहेत आणि नजर भाल्यावर आहे. दोघांची गाठ पडणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लढाई फक्त प्रश्न निर्माण करते: हात कसा मोडला? आणि ढाल कुठे गेली, कारण असा योद्धा ढालीशिवाय कसा? उत्तर तिथे मिळत नाही. ते बरंच पुढे, अ‍ॅबिसच्या दरीत मिळतं. तिथे एका खोट्या भिंतीमागे लांडग्याचं पिल्लू सिफ बसलेलं असतं, आणि त्याच्याभोवती आर्टोरियसच्या ढालीने धरलेलं संरक्षक कडं असतं. स्वतःची ढाल त्याने पिल्लासाठी मागे ठेवली आणि स्वतः उघडा पडला. हे आपल्याला कुणी सांगत नाही, आपणच जोडतो. प्रश्न आधी आणि उत्तर नंतर, हा क्रम उलटा झाला असता तर लुळा हात ही नुसती सजावट उरली असती.

तिसरा डाव

आर्टोरियस मुळात डावखुरा होता आणि डावा हातच मोडला म्हणून तो कमजोर पडलाय, असं गेमने सांगितलंय. म्हणूनच त्याच्या डाव्या बाजूला राहिलं की लढाई सोपी होते. गडवाट, तुम्हीही तेच करा. जखम ज्या बाजूला ती बाजू सुरक्षित. कथेतून डावपेच, झालं काम.

रानजाई

@तिसरा डाव, अर्धं पटतंय. तो डावखुरा होता हा चाहत्यांचा जुना तर्क आहे आणि चांगला आहे, पण लढाईत दिसतो तो फक्त मोडलेला हात आणि नसलेली ढाल. ढाल डाव्या हाताची होती असं धरलं तरी गोष्ट पुरी होते.

डाव्या बाजूला सरकलं की थोडी मोकळीक मिळते हे खरं. पण गोल फिरून मारलेला वार तिकडेही पोचतो, आणि कोलांटीचा वार लागोपाठ तीनदा येऊ शकतो. तो तर तुम्ही जिथे असाल तिथे उतरतो. ती बाजू पूर्ण सुरक्षित ठेवली असती तर माणूस लढाईभर तिथे चिकटून घिरट्या घालत बसला असता. मग त्याच्या मनात आर्टोरियसचं दुःख नसतं, फक्त कोन असतो. जखमेमुळे बॉसची *हालचाल* बदलावी. तिच्यामुळे फुकटची जागा तयार होऊ देऊ नका.

आणखी एक बघा. मधेच तो थांबतो, वाकतो आणि अंगावर काळी शक्ती ओढून घेतो. त्या वेळात पुरेसे वार बसले तर ते मोडतं. नाही मोडलं तर पुढचे वार जास्त लागतात. अ‍ॅबिस त्याला गिळतंय ही पूर्वकथा, आणि ती थोपवायचं काम खेळाडूच्या हातात दिलंय. आपण वार करतोय तो त्याला मारण्यासाठी की त्याला आणखी बुडू न देण्यासाठी, हे त्या क्षणी वेगळं काढता येत नाही. माझ्या मते त्या लढाईतली सर्वात चांगली कल्पना हीच आहे, लुळा हात दुसऱ्या नंबरवर.

मीरा_पी

सिफचा विषय निघालाच आहे तर विचारते. मूळ गेममध्ये हेच पिल्लू मोठं होऊन आर्टोरियसच्या कबरीवर बॉस म्हणून समोर येतं. मला सिफला मारायचं नाहीये. शेवटी शेवटी लंगडायला लागतो तेव्हा कंट्रोलर खाली ठेवावासा वाटतो. त्याला न मारता पुढे जायचा काही मार्ग आहे का? काहीजण म्हणतात आधी जोडभाग खेळला की तो लढत नाही.

रानजाई

@मीरा_पी, लढतो. त्याला न मारता गोष्ट पूर्ण होत नाही. आर्टोरियसची अंगठी त्याच्या मरणानंतरच मिळते आणि ती घातल्याशिवाय न्यू लोंडोखालच्या अ‍ॅबिसमध्ये उडी मारली की पात्र मरतं. ज्यांना हरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही ते चार राजे त्याच तळाशी आहेत. सिफ कबरीवर बसलाय तो त्यासाठीच, ती अंगठी घेऊन आणखी कुणी त्या खड्ड्यात उतरू नये म्हणून. म्हणजे पुढे जायची किल्ली हा गेमचा साधा नियम आणि सिफने तिथे बसायचं कारण, दोन्ही एकच वस्तू आहे.

आधी जोडभाग खेळलात तर बदलतो तो सुरुवातीचा प्रसंग. क्रम असा ठेवा. कबरीकडचा मोठा दरवाजा उघडू नका. त्याची मुद्रा लोहार आंद्रेकडे २०,००० सोल्सना मिळते, ती घेण्याची घाई नको. डार्करूट बेसिनमधला हायड्रा मारा, तिथल्या सोनेरी स्फटिक-गोलेममधून राजकन्या डस्कला सोडवा. अ‍ॅनॉर लोंडो संपवून लॉर्डव्हेसल जागेवर ठेवा, की ड्यूकच्या ग्रंथालयाची वाट उघडते. तिथल्या निळ्या स्फटिक-गोलेमकडून तुटकं पदक घ्या आणि डस्क भेटली होती त्या जागी परत जा. जोडभागात शिरल्यावर आर्टोरियसनंतर दरीत पांढऱ्या मांजरीच्या मागे जा, पिल्लू सापडेल. त्याला वेढणारे आत्मे मारून त्याला सोडवा. मग वर्तमानात येऊन कबरीवर जा.

आता सिफ तुम्हाला हुंगतो, ओळखतो, मान वर करून रडतो, आणि तरीही तलवार उचलतो. पुढची लढाई वारावारानिशी तीच. एकही आकडा बदललेला नाही, आणि तरी ती पहिल्यासारखी खेळता येत नाही.

कोडकुटे

गडवाट, मूळ मुद्द्यावर येतो. निकामी हाताची कल्पना टू-डीत घेणार असाल तर आधी एक तांत्रिक अडचण लक्षात घ्या. बॉस डावीकडे वळताना तुम्ही `flip_h` वापरत असाल तर चित्र आरशासारखं उलटतं. म्हणजे उजवीकडे तोंड असताना डावा हात मोडलेला, डावीकडे वळला की उजवा. बारकाईने बघणाऱ्याला हे लगेच दिसतं आणि त्यानंतर तो त्या जखमेवर विश्वास ठेवत नाही. उपाय म्हणजे दोन्ही बाजूंची वेगळी चित्रं काढणं. पण त्यात अ‍ॅनिमेशनचं काम जवळजवळ दुप्पट होतं.

आणि मुळात तुमच्या किल्लेदाराला जखम लागतच नाही. त्याची गोष्ट दरवाजाची आहे. तो दरवाजाला पाठ दाखवत नाही आणि कुणाला त्याच्याजवळ जाऊ देत नाही, एवढा एकच नियम घ्या. खेळाडू दरवाजाच्या ठराविक अंतरात आला की किल्लेदार हातातलं सोडून तिकडे धावतो. ३२ पिक्सेलची टाइल असेल तर दहा टाइल, म्हणजे ३२० पिक्सेल धरून सुरू करा.

```gdscript
func pick_attack():
    var d = player.global_position.distance_to(gate.global_position)
    if d < 320:
        if guard_count < 2:
            guard_count += 1
            return "return_to_gate"
        guard_count = 0
        return "gate_sweep"
    return normal_attacks.pick_random()
```

`guard_count` कशाला, तर तो नसेल तर खेळाडू सीमारेषेवर आत-बाहेर करत राहतो, किल्लेदार येरझाऱ्या घालतो, आणि पाठीवर वार करून लढाई संपते. म्हणून दोनदा धाव घेतल्यावर तिसऱ्यांदा तो दरवाजासमोरचा सगळा पट्टा झाडणारा वार करतो.

यात हमखास बिघडणारी एक जागा आहे. हे फंक्शन दोन हल्ल्यांच्या मधे चालतं. खेळाडू दरवाजाजवळ गेला आणि किल्लेदार आधीचा दीड सेकंदाचा हल्ला पुरा करून मग धावला, तर कारण आणि परिणाम यांचा संबंध तुटतो. बघणाऱ्याला वाटतं तो सहज तिकडे गेला. म्हणून अंतराची तपासणी हल्ल्याच्या तयारीच्या फ्रेम्समध्येही करा. भाला मागे खेचतानाच खेळाडू सीमेत शिरला तर तो हल्ला अर्धवट सोडून धाव. अर्धवट सोडलेला वार हीच कथा आहे, कारण त्याला तुम्हाला मारण्यापेक्षा दरवाजा महत्त्वाचा आहे हे तिथे दिसतं. फक्त भाला पुढे सुटल्यावर हल्ला तोडू नका. तेव्हा तोडला तर गेम अडखळल्यासारखा वाटतो.

वेळा: ६० फ्रेम्सवर साध्या हल्ल्याची तयारी ३६ फ्रेम्स ठेवा. माणसाला नुसतं बघून बोट हलवायला साधारण पाव सेकंद, म्हणजे १५ फ्रेम्स जातात. उरलेल्या २१ मध्ये वार ओळखून दिशा ठरवता येते. दरवाजाकडच्या धावेचा वेग खेळाडूच्या दुप्पट द्या, नाहीतर तो पोचेपर्यंत खेळाडू तिथून निघून गेलेला असेल.

गडवाट

हे फारच उपयोगी आहे. `flip_h` ची अडचण लक्षातच आली नव्हती. हात रद्द.

दुसऱ्या टप्प्यासाठी असं सुचतंय: तब्येत निम्म्यावर आली की बंद दरवाजाच्या पलीकडून थापा ऐकू येतात. किल्लेदार थांबतो आणि ऐकतो. तेवढ्या वेळात खेळाडूला मोकळे वार मिळतात. त्याच्या अपराधीपणाचा फायदा आपण घेतोय हे खेळाडूला जाणवावं.

तिसरा डाव

कल्पना छान, पण पहिल्यांदा बघणारा म्हणेल की बॉस अडकला, बग आहे.

कोडकुटे

बरोबर शंका आहे. क्रम नीट लावला तर बग वाटणार नाही. आधी थाप, त्यानंतर सुमारे २० फ्रेम्सनी मान दरवाजाकडे वळते, मग भाल्याचं टोक जमिनीला टेकतं, आणि मग ९० फ्रेम्स स्तब्ध. आवाज आधी आला की थांबण्याला कारण मिळतं. थापा येताना संगीत खाली आणा, नाहीतर आवाज त्यात बुडतो. आणि गेम आवाज बंद करून खेळणाऱ्यांसाठी दरवाजाच्या फळ्यांतून थोडी धूळ झडू द्या.

थापांची वेळ ठराविक ठेवू नका. दर २० सेकंदांनी आल्या तर लोक घड्याळ लावून वाट बघतील. १५ ते ३० सेकंदांत कधीही, आणि संपूर्ण लढाईत तीनदाच. तिसऱ्यांदा तो थांबत नाही, दरवाजाकडे पाठ करून सरळ खेळाडूवर येतो. जो नियम खेळाडू शिकला तो मोडण्याची एकच संधी असते, ती इथे वापरा.

पुनवडीकर

मला हे सगळं फार गुंतागुंतीचं वाटतंय. पुण्यात तयार झालेला राजी हा गेम, २०२० चा, तिथे दुर्गा आणि विष्णू यांचे आवाज गोष्ट सांगत राहतात आणि भिंतींवरची चित्रं बाकीचं सांगतात. कथा स्पष्ट कळते. आपल्याकडे गोष्ट सांगायची परंपरा ऐकवण्याचीच आहे. किल्लेदाराच्या आधीच्या वाटेवर एक पोवाडा लावा, खेळाडू चालता चालता ऐकेल.

रानजाई

@पुनवडीकर, चालतानाचं निवेदन ही वेगळी आणि चांगली पद्धत आहे. तिथे हात रिकामे असतात म्हणून कान मोकळे असतात. प्रश्न फक्त लढाईच्या आतल्या वेळेचा आहे. पोवाडा लावायचा असेल तर त्यात किल्लेदाराची *कीर्ती* सांगा: वेढ्यात गड राखला, शत्रू आत आला नाही. बाहेर राहिलेल्यांबद्दल अवाक्षर नको. आर्टोरियसबद्दल मूळ गेमने नेमकं हेच केलं होतं. आधी कीर्ती, मग समोर उभं असलेलं शरीर, आणि दोन्हींत न बसणारी फट.

आणखी एक, मराठी खेळाडूला दिवेलागणीला बंद होणारा गडाचा दरवाजा म्हटलं की हिरकणी आठवणारच. दरवाजा बंद, आई एकीकडे आणि लेकरू दुसरीकडे. बाहेर कुणीतरी राहिलंय हा अंदाज तुमचा खेळाडू पहिल्या थापेलाच करेल. त्यामुळे तुम्हाला इतरांपेक्षा कमी सांगावं लागेल.

मीरा_पी

कथा लढाईत उतरवायला बॉसचं शरीरच लागतं असं नाही ना? २०१५ च्या अंडरटेलमध्ये असगोर लढाईच्या सुरुवातीलाच पडद्यावरचं `MERCY` बटण फोडून टाकतो. तोपर्यंत आख्खा गेम त्या बटणावर खेळलेला असतो. त्याला मारायचं नाहीये, पण आपल्या लोकांना दिलेला शब्द मोडताही येत नाही, म्हणून माफीची शक्यताच तो काढून टाकतो. मला ते लुळ्या हातापेक्षा जास्त लागलं.

कोडकुटे

ते एकदाच चालणारं अस्त्र आहे. दुसऱ्या प्रयत्नात बटण फुटताना धक्का बसत नाही, फक्त मेन्यूतला एक पर्याय कमी असतो. किल्लेदाराची धाव मात्र विसाव्या प्रयत्नातही वापरावी लागते.

मीरा_पी

पण बटण पूर्ण लढाईभर फुटलेलंच दिसत राहतं. दर खेपेला मेन्यू उघडला की ती मोकळी जागा समोर असते. आणि शेवटी, तो हरल्यावर, बटण परत येतं. तो नियम नाही तर काय आहे?

कोडकुटे

शेवटी परत येणं हा मुद्दा मजबूत आहे, मान्य. तरी ज्या गेममध्ये खेळाडू आधीपासून ते बटण सतत वापरतोय तिथेच हे जमतं. गडवाटच्या गेममध्ये फोडण्यासारखं असं काही आहे का, हे त्यांनीच सांगावं.

गडवाट

नाही, साधा हल्ला, कोलांटी आणि ढाल एवढंच आहे.

आतापर्यंतचं ठरलेलं लिहितो. लढाईतले संवाद चारही काढले. वाटेवर गड राखल्याच्या कीर्तीचा पोवाडा. लढाईत दरवाजाकडची धाव, हल्ला अर्धवट सोडून. निम्म्यावर थापा. किल्लेदार पडल्यावर खेळाडू दरवाजा उघडतो आणि पलीकडच्या बाजूच्या फळ्यांवर नखांचे ओरखडे, त्यातले काही गुडघ्याएवढ्या उंचीवर. मजकूर काही नाही. हे पोचलं की नाही ते तपासायचं कसं?

रानजाई

चाचणी घेताना "गोष्ट कळली का?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. पोवाडा आणि शेवटचा दरवाजा दोन्ही काढून नुसती लढाई द्या आणि दोन प्रश्न विचारा: तो दरवाजाकडे का धावतो, आणि दरवाजापलीकडे काय असेल? "तिथे खजिना असेल" असं उत्तर आलं तर धाव नीट दिसतेय पण थापा कमी पडतायत. "तो कधी कधी उगाच पळतो" असं आलं तर हल्ला तोडण्याची वेळ चुकलीय, कोडकुटे म्हणाले ती जागा तपासा. "कुणीतरी बाहेर आहे" एवढं आलं की पुरे. कोण आहे ते ओरखडे सांगतील.

तिसरा डाव

एक राहिलं. तिसऱ्या थापेला तो थांबत नाही असं ठरलं. पण चांगला खेळणारा दुसरी थाप येण्याआधीच त्याला संपवेल. मग नियम मोडताना तो बघणारच नाही.

कोडकुटे

थापा वेळेवर न बांधता तब्येतीवर बांधता येतील: ५०, ३५ आणि १५ टक्क्यांवर. मग कितीही वेगाने मारलं तरी तिन्ही येतात. तोटा असा की दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात लोकांना आकडे कळतात आणि ३५ टक्क्यांच्या थोडं वर असताना ते मोठा वार राखून ठेवतात.

रानजाई

राखून ठेवू देत. त्याला थाप ऐकू येण्याची वाट बघत वार राखून ठेवणं हे गडवाटला हवं होतं त्याहून क्रूर आहे, आणि ते खेळाडू स्वतःहून करतोय. मी तरी तब्येतीवरच बांधेन.

कोडकुटे

मला अजून वेळेवरचंच बरं वाटतं, अंदाज न येणारं. गडवाट, दोन्ही बनवून बघा. बदल एका ओळीचा आहे.